किलोमागे शंभर मिली, पण किती तासांत?

जुलाब-उलट्यांनी गळून गेलेल्या बाळाला दवाखान्यात नेलं की घरच्यांचा फोनवर पहिला निरोप असतो, ‘सलाईन लावलंय.’ ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. पण सलाईन लावलं, एवढ्यावरून उपचार झाला की नाही ते कळत नाही. कोणतं सलाईन, किती मिली, आणि ते किती वेळात आत गेलं, या तीन उत्तरांवर बाळाची पुढची वाट ठरते. यातला तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

अतिसारामुळे अंगातलं पाणी फार कमी झालेल्या मुलासाठी जागतिक आरोग्य संघटनेने एक ठरीव पद्धत दिली आहे. तिला ‘प्लॅन सी’ म्हणतात. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून मोठ्या रुग्णालयापर्यंतच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना हीच पद्धत शिकवली जाते. एकूण मात्रा किलोमागे १०० मिली. मूल एक वर्षाच्या आतलं असेल तर किलोमागे ३० मिली पहिल्या तासात आणि उरलेले ७० मिली पुढच्या ५ तासांत, म्हणजे एकूण ६ तास. मूल एक वर्ष पूर्ण झालेलं असेल तर तेच ३० मिली अर्ध्या तासात आणि ७० मिली अडीच तासांत, म्हणजे एकूण ३ तास. वय बदललं तरी मात्रा बदलत नाही, फक्त वेळ निम्मा होतो.

नियम एवढाच आहे. तो असा का आहे आणि प्रत्यक्ष कसा पाळायचा, हे आईवडिलांना कळलं तर खाटेशेजारी बसून ते बाळाच्या उपचाराला खरी मदत करू शकतात. हे सलाईन घरी किंवा सोयी नसलेल्या ठिकाणी लावण्याचं काम मात्र नाही. त्यासाठी प्रशिक्षित हात आणि सतत लक्ष हवं.

शंभर मिली आले कुठून?

समजा, दहा महिन्यांचं एक बाळ आहे. गेल्या आठवड्यात अंगणवाडीत वजन केलं तेव्हा ८.८ किलो भरलं होतं, आणि तशी नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर आहे. काल दुपारपासून त्याला पाण्यासारखे जुलाब होतायत, रात्री उलट्याही सुरू झाल्या. आज सकाळी आरोग्य केंद्रात वजन केलं तर ते ८ किलो आहे.

एका दिवसात ८०० ग्रॅम गेले. चरबी किंवा मांस एका दिवसात इतकं कमी होत नाही. गेलं ते पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली. तेव्हा या बाळाच्या अंगातून सुमारे ८०० मिली पाणी गेलं आहे, म्हणजे वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. तीव्र जलशुष्कतेत मुलाने साधारण इतकं किंवा त्याहून थोडं जास्त पाणी गमावलेलं असतं, असं गृहीत धरूनच किलोमागे १०० मिली हा आकडा ठरवला आहे. आजच्या ८ किलो वजनाला तो लावला की उत्तर येतं ८०० मिली. जेवढं गेलं तेवढं परत.

प्रत्येक मुलाचं आधीचं वजन हाताशी असतंच असं नाही, म्हणून जलशुष्कता लक्षणांवरून ओळखली जाते. चार गोष्टी पाहतात. मूल निपचित पडलंय का, हाक मारली तरी डोळे उघडत नाही का? डोळे खोल गेलेत का? पाणी पाजायला गेलं तर ते पिऊच शकत नाही किंवा अगदी नावापुरतं पितं का? आणि पोटाच्या कातडीला चिमटा काढून सोडला तर सुरकुती दोन सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ तशीच राहते का? यातली दोन लक्षणं दिसली की जलशुष्कता तीव्र समजायची.

मूल चिडचिडं असेल, पेला दिसला की झडप घालून घटाघटा पीत असेल, तर ते त्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे. अशा मुलाला सुईची गरज नसते. त्याला किलोमागे ७५ मिली ओआरएस चार तासांत तोंडाने, थोडं थोडं पाजतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण तहानेने रडणाऱ्या बाळाला सलाईनसाठी हट्ट धरला जातो आणि रडणं थांबून शांत झालेलं बाळ ‘आता झोपलंय’ म्हणून तसंच ठेवलं जातं. जुलाब चालू असताना तहान संपणं आणि रडणं थांबणं ही बरं होण्याची खूण नव्हे. तोच धोक्याचा टप्पा असू शकतो.

आधी तीस, मग सत्तर

सगळे ८०० मिली एकाच वेगाने का देत नाहीत? कारण शरीराला दोन वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात.

पहिली निकड रक्ताभिसरणाची असते. लहान बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिली रक्त असतं, म्हणजे आपल्या बाळात सुमारे ६४० मिली. जुलाबावाटे पाणी जातं तेव्हा रक्तातलंही पाणी कमी होतं. हृदय जोरात धडधडतं, पण त्याच्याकडे पुढे ढकलायला पुरेसं रक्तच नसतं. मग शरीर हातापायांकडचा पुरवठा आवळतं आणि उरलेलं रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं. हात गार पडतात, मनगटाची नाडी लागत नाही, लघवी बंद होते. ही अवस्था लांबली तर मूत्रपिंडांना इजा होते आणि शेवटी हृदय थांबतं. म्हणून पहिले ३० मिली घाईने द्यायचे. ते रक्तवाहिन्या भरण्यासाठी असतात.

दुसरी गरज पेशींच्या भोवतालच्या आणि पेशींच्या आतल्या पाण्याची. शिरेतून गेलेलं पाणी रक्तातून हळूहळू तिकडे झिरपतं. या झिरपण्याला वेळ लागतो. त्याच्याहून जास्त वेगाने पाणी ओतत राहिलं तर ते रक्तातच साठतं आणि फुप्फुसांत उतरू शकतं. म्हणून उरलेले ७० मिली सावकाश.

वयाचा फरकही इथूनच येतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाची मूत्रपिंडं जादा पाणी आणि मीठ तितक्या चपळाईने बाहेर टाकू शकत नाहीत, आणि अचानक आलेला भार पेलण्याची त्याच्या हृदयाची ताकदही कमी असते. मोठ्या मुलात ही दोन्ही कामं अधिक सक्षम झालेली असतात. त्यामुळे त्याला तीन तासांत भरून काढता येतं, तान्ह्याला सहा तास द्यावे लागतात. पहिला वाढदिवस ही निसर्गाने आखलेली रेघ नाही. पण घाईच्या वेळी परिचारिकेला पटकन ठरवता यावं, यासाठी कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

थेंब मोजून

आता आपल्या बाळाचा हिशेब करू. वजन ८ किलो, वय दहा महिने. पहिल्या तासात ८ गुणिले ३०, म्हणजे २४० मिली. पुढच्या पाच तासांत ८ गुणिले ७०, म्हणजे ५६० मिली. तासाला ११२ मिली.

सलाईनच्या नळीला मिली कळत नाहीत, तिथे थेंब मोजावे लागतात. साध्या सेटमध्ये बहुतेक वेळा २० थेंबांचा एक मिली होतो. काही सेटमध्ये १५ थेंबांचा होतो. सेटच्या पाकिटावर ते छापलेलं असतं आणि ते वाचूनच हिशेब करायचा. तासाला २४० मिली म्हणजे मिनिटाला ४ मिली, म्हणजे २० थेंबांच्या सेटने मिनिटाला ८० थेंब. एक तासानंतर तासाला ११२ मिली, म्हणजे मिनिटाला साधारण ३७ थेंब.

लहान मुलांसाठी बारीक थेंबांचा मायक्रोड्रिप सेटही असतो. त्यात ६० थेंबांचा एक मिली होतो. मूल लहान म्हणून सवयीने तोच लावला जातो. पण पहिल्या तासाची मात्रा त्यातून द्यायची तर मिनिटाला २४० थेंब पडायला हवेत, आणि ते डोळ्यांनी मोजता येत नाहीत. या घाईच्या टप्प्याला साधा सेटच सोयीचा. इन्फ्युजन पंप असेल तर हा त्रासच उरत नाही. तासाला किती मिली, ते त्यात भरलं की झालं.

चूक कशी होते, ते याच आकड्यांत दिसतं. सलाईन ‘मिनिटाला २० थेंब’ अशा सवयीच्या वेगावर सोडलं, तर तासाला ६० मिली जातात. पहिल्या तासात जे २४० मिली जायला हवेत त्यांना चार तास लागतात. पूर्ण ८०० मिली जायला तेरा तासांहून जास्त वेळ लागतो, आणि त्या तेरा तासांत जुलाब चालूच असतात. बाळाला सलाईन लागलेलं दिसतं, बाटली थेंब थेंब गळताना दिसते, आणि तरीही बाळ तासातासाने आणखी सुकत जातं.

आता हेच बाळ तेरा महिन्यांचं असतं तर? वजन तेच ८ किलो, मात्रा तीच ८०० मिली. पण २४० मिली अर्ध्या तासात जायला हवेत, म्हणजे मिनिटाला १६० थेंब. इतक्या वेगाला थेंब मोजणं सोडून द्यायचं. बाटलीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर रेघ मारायची, ‘इथपर्यंत साडेदहा’, आणि नळीची चकती पूर्ण उघडून पातळीकडे पाहत राहायचं. त्यानंतरचे ५६० मिली अडीच तासांत, मिनिटाला साधारण ७५ थेंबांनी.

बाटलीचंही एक गणित आहे. बाटल्या सहसा ५०० मिलीच्या असतात. आपल्या बाळाला एक पूर्ण बाटली आणि दुसरीतले ३०० मिली लागतात. दुसऱ्या बाटलीत २०० मिली उरतात. ते वाया जाऊ नयेत म्हणून ‘संपू दे पूर्ण’ असं म्हटलं जातं, आणि घरच्यांनाही ते बरोबर वाटतं. पण ८ किलोच्या बाळाला नकळत गेलेले २०० मिली म्हणजे ठरलेल्या मात्रेच्या चौथा हिस्सा जास्त. बाटली रिकामी झाली, हा थांबण्याचा निकष नव्हे. रेघेवर पोचलं की थांबायचं आणि बाळाकडे बघून पुढचं ठरवायचं.

कोणती बाटली?

लोकांच्या तोंडी सगळ्याच बाटल्या ‘सलाईन’ असतात, आणि थोडा अशक्तपणा आला की ‘ग्लुकोज चढवा’ म्हणतात. या आजारात तो फरक जिवाशी येतो.

पहिली पसंती रिंगर लॅक्टेटची. दवाखान्यात त्याला आरएल म्हणतात. त्याच्या एका लिटरमध्ये सोडियमचं प्रमाण सुमारे १३० मिलिमोल असतं, म्हणजे रक्ताच्या जवळपासचं, आणि थोडं पोटॅशियम असतं. त्यातल्या लॅक्टेटचं यकृतात बायकार्बोनेट होतं. जुलाबावाटे शरीर बायकार्बोनेट गमावतं, रक्तातली आम्लता वाढते, आणि म्हणून बाळ खोल आणि भराभर श्वास घेतं. लॅक्टेट ती आम्लता कमी करायला मदत करतं.

आरएल नसेल तर नॉर्मल सलाईन चालतं. त्यात सोडियम जास्त असतं, पोटॅशियम आणि लॅक्टेट नसतात. पण रक्ताभिसरण सावरण्याचं काम ते करतं, आणि आरएलची वाट पाहत बसण्यापेक्षा ते लगेच सुरू करणं केव्हाही चांगलं.

नुसतं ५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ज्याला लोक ग्लुकोजची बाटली म्हणतात, ते या कामाचं नाही. त्यात मीठ अजिबात नसतं. साखर शरीर वापरून टाकतं आणि मागे नुसतं पाणी उरतं. ते रक्तवाहिन्यांत टिकत नाही, आणि रक्तातलं सोडियम पातळ करतं. सोडियम फार खाली गेलं की मेंदूला सूज येते आणि बाळाला झटके येऊ शकतात. निपचित बाळाची रक्तशर्करा तपासून ती कमी असेल तर साखर द्यावीच लागते, पण तो वेगळा, मोजका डोस असतो. गेलेलं पाणी भरून काढायला ही बाटली वापरायची नसते.

खाटेशेजारचे सहा तास

समजा, आपल्या बाळाचं सलाईन सकाळी दहाला सुरू झालं. मनगटाची नाडी ठळक लागेपर्यंत दर पंधरा ते तीस मिनिटांनी ती तपासायची. बाळ सावरत असेल तर आधी नाडी भरते, हात कोमट होतात, मग ते डोळे उघडतं, कुरकुरतं. हे रडणं ऐकायला सगळेच आतुर असतात. कातडीचा चिमटा आणि खोल गेलेले डोळे नंतर सुधारतात.

अकरा वाजता २४० मिली संपले आणि नाडी अजून लागतच नाही किंवा फारच क्षीण आहे, असं झालं तर तेच २४० मिली पुन्हा एकदा, पुन्हा तासाभरात देतात. नियमात या पुनरावृत्तीला एकदाच जागा आहे. त्यानंतरही नाडी सावरली नाही, तर दुसरं काही चाललंय का, जंतुसंसर्ग रक्तात पसरलाय का, हृदयाचा काही आजार आहे का, हे शोधावं लागतं.

नाडी चांगली लागली की अकरा ते चार, पाच तासांत ५६० मिली. या काळात निदान तासाला एकदा बाळ पाहायचं. ठरलेल्या वेगानेही जलशुष्कता कमी होत नसेल, जुलाब मोठे होत असतील, तर वेग वाढवावा लागतो. ठरलेले ८०० मिली आधी गमावलेल्या पाण्याचे आहेत, चालू जुलाबांचे नाहीत. म्हणून बाळ गिळू लागलं की लगेच ओआरएसही सुरू करतात, किलोमागे तासाला ५ मिली; आपल्या बाळाला तासाला ४० मिली, चमच्याने. तान्ह्या बाळात ही वेळ साधारण तीन-चार तासांनी येते, मोठ्या मुलात एक-दोन तासांनी. आई अंगावर पाजत असेल तर बाळ ओढू लागताच पाजायचं.

पाणी जास्त झालं तर कसं ओळखायचं? पापण्या फुगीर दिसू लागतात, खोकला येतो, श्वासाचा वेग वाढतो. सुरुवातीला आम्लतेमुळे श्वास जलद असतोच, पण बाळ सावरेल तसा तो मंदावायला हवा. आधी मंदावलेला किंवा आधी नीट असलेला श्वास सलाईन चालू असताना पुन्हा वाढला, तर लगेच परिचारिकेला बोलवायचं. पापण्या फुगल्या की शिरेतलं पाणी थांबवून डॉक्टर बाळ तपासतात. सुईच्या जागी हात फुगून टणक झाला असेल, तर पाणी शिरेबाहेर जातंय. बाटली रिकामी होतेय, पण बाळाच्या रक्तात काही पोचत नाही.

चार वाजता पुन्हा तपासणी. एक वर्षावरच्या मुलात ही तपासणी तीन तासांनी होते. तीच चार लक्षणं नव्याने पाहायची. जलशुष्कता अजून तीव्र असेल तर पुन्हा शिरेतून. थोडी उरली असेल तर चार तासांचा ओआरएस. अजिबात नसेल तर घरी काय द्यायचं ते समजावून सांगायचं. पण सलाईन निघालं की लगेच घर गाठायचं नसतं. शक्य असेल तर आणखी सहा तास दवाखान्यातच थांबून, आई नुसत्या ओआरएसवर बाळाचं पाणी टिकवू शकते का, ते पाहायला सांगितलं आहे.

या पुन्हा तपासणीची किंमत या उपचाराच्या अगदी सुरुवातीलाच मोजली गेली. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथ इथे पटकीची साथ होती. थॉमस लॅटा या डॉक्टरने एका मरणासन्न वृद्धेच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. तिचा चेहरा भरला, नाडी लागली, ती बोलू लागली. बाई वाचली असं समजून लॅटाने तिला रुग्णालयातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवलं. जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा दिलं गेलं नाही, आणि काही तासांतच ती गेली. लॅटाने हे सगळं त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला लिहून कळवलं. त्याचा उपचार बरोबर होता. थांबला तो वेळेआधी.

शीर सापडली नाही तर

पाणी आटलेल्या बाळाची शीर आत दबलेली असते. प्रशिक्षित हातालाही ती पटकन मिळत नाही. अशा वेळी एका मागून एक सुया टोचत तास घालवणं घातक. शिरेतून उपचाराची सोय अर्ध्या तासाच्या अंतरावर असेल तर बाळाला तिकडे पाठवायचं, आणि ते थोडंही गिळत असेल तर वाटेत, १०८ च्या रुग्णवाहिकेतही, घोट घोट ओआरएस पाजत राहायचं.

तेही जवळ नसेल तर नाकातून जठरात नळी घालून ओआरएस देता येतो. त्याचा नियम वेगळा आहे. किलोमागे तासाला २० मिली, सहा तास. आपल्या बाळाला तासाला १६० मिली. उलट्या वारंवार होत असतील किंवा पोट फुगत असेल तर वेग कमी करायचा. दर एक-दोन तासांनी तपासायचं, आणि तीन तासांत सुधारणा नसेल तर शिरेतून उपचारासाठी पुढे पाठवायचं. नाकातल्या नळीची घरच्यांना भीती वाटते, ‘साधं सलाईनही लावता येत नाही का?’ असं वाटतं. पण शीर न मिळालेल्या बाळासाठी ती नळी खरा आधार असते. चांगल्या सोयी असलेल्या ठिकाणी नडगीच्या हाडातूनही पाणी देतात, कारण हाडाच्या पोकळीतल्या शिरा आटून मिटत नाहीत.

हा नियम कुणाला लागू नाही

पहिला अपवाद तीव्र कुपोषित मुलाचा. मेळघाट, नंदुरबार, पालघरच्या भागात काम करणाऱ्यांना तो चांगला माहीत आहे. अशा मुलाची कातडी मुळातच सैल असते, डोळे आधीच खोल असतात. चिमटा आणि डोळे पाहून तीव्र जलशुष्कता आहे असं वाटतं, पण ती असतेच असं नाही. त्याचं हृदयही अशक्त असतं आणि किलोमागे १०० मिलीचा भार त्याला झेपत नाही. म्हणून त्याला शक्यतो तोंडाने किंवा नाकातल्या नळीने, सावकाश भरून काढतात. शिरेतून पाणी फक्त तो शॉकमध्ये असेल तरच, तेही किलोमागे १५ मिली एका तासात, ग्लुकोज घातलेल्या क्षारद्रावातून, आणि दर पाच-दहा मिनिटांनी नाडी आणि श्वास मोजत. श्वास आणि नाडी दोन्ही वाढू लागली तर थांबायचं. आठ किलोच्या धडधाकट बाळाचा हिशेब पाच किलोच्या कुपोषित मुलाला लावणं हा जीवघेणा अपघात ठरू शकतो. म्हणून वजनासोबत दंडाचा घेर मोजणं आणि पायांवर सूज आहे का ते पाहणं गरजेचं असतं.

दुसरा अपवाद जुलाब नसलेल्या, तापाने गंभीर झालेल्या मुलाचा. केनिया, युगांडा आणि टांझानिया इथे झालेला ‘फीस्ट’ हा मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र तापात रक्ताभिसरण बिघडलेल्या तीन हजारांहून जास्त मुलांचा त्यात समावेश होता. शिरेतून झपाट्याने पाणी दिलेल्या मुलांमधले मृत्यू, तसं न दिलेल्या मुलांपेक्षा जास्त निघाले. जुलाबाने पाणी गमावलेली मुलं त्या अभ्यासात घेतली नव्हती. त्यामुळे प्लॅन सी त्याने चुकीचा ठरत नाही, पण त्याची हद्द स्पष्ट होते. घाईने पाणी देणं योग्य असतं, कारण पाणी घाईने गेलेलं असतं. जिथे पाणी गेलंच नाही, तिथे तीच घाई अपाय करते.

घरच्यांनी काय विचारावं?

बाळाला घेऊन निघताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्यावं. शेवटचं वजन त्यावर असतं, आणि आजच्या वजनाशी ताडलं की किती पाणी गेलं, ते दिसतं. जन्मतारीखही त्यावर असते. अकरा महिने की तेरा, यावर सलाईनचा वेग ठरतो, त्यामुळे ‘वर्षाचं असेल’ असा अंदाज पुरत नाही. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर ते आधीच सांगावं, त्याला मोठ्या रुग्णालयातच न्यायला हवं.

सलाईन सुरू झाल्यावर डॉक्टरांना किंवा सिस्टरांना शांतपणे विचारावं, ‘एकूण किती मिली द्यायचंय, आणि किती वाजेपर्यंत?’ उत्तर कागदावर लिहून घ्यावं. सुरू झाल्याची वेळ, पहिला टप्पा संपण्याची वेळ, पूर्ण व्हायची वेळ. बाटलीतली पातळी त्या वेळांच्या फार मागे राहिली किंवा फार पुढे गेली, तर सांगावं. थेंबांची चकती मात्र स्वतःच्या हाताने कधीही फिरवू नये. किती जुलाब झाले, लघवी झाली का, बाळाने किती चमचे ओआरएस घेतला, हेही लिहावं. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं.

आणि घरी आल्यावर प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस, नेहमीचं खाणं-पिणं आणि अंगावरचं दूध, शिवाय १४ दिवस झिंकच्या गोळ्या. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलीग्रॅम. बाळ पुन्हा पिईनासं झालं, सुस्तावलं किंवा शौचात रक्त दिसलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता परत दवाखाना गाठायचा. सहा तासांत शिरेतून भरलेलं पाणी जुलाबांनी तितक्याच झपाट्याने पुन्हा जाऊ शकतं.